टायपिंग चालतं, पण कीबोर्डखालचा दिवा लागत नाही: कीबोर्ड बदलण्याआधी

प्रश्न: १३ इंची मॅकबुक एअर आहे, २०१७ चं, मॉन्टेरे टाकलेलं. मध्यंतरी चहा सांडला. दुकानात बोर्ड काढून साफ करून दिला. सगळं चालतंय, टायपिंगसुद्धा, पण तेव्हापासून कीबोर्डखालचा दिवा लागत नाही. F5, F6 दाबून काही होत नाही. दुकानदार म्हणतो अख्खा कीबोर्ड बदलावा लागेल. खरंच लागेल का?

बहुधा नाही. मशीन समोर नसताना शंभर टक्के सांगता येत नाही, पण बटणं नीट उमटत असतील तर फक्त दिव्यासाठी कीबोर्ड बदलायला मी तयार होणार नाही. या मॉडेलमध्ये कीबोर्ड आणि त्याचा दिवा या दोन वेगळ्या वस्तू आहेत. बटणांची रिबन केबल ट्रॅकपॅडच्या छोट्या बोर्डावर जाते आणि तिथून ट्रॅकपॅडच्या केबलमधून मुख्य बोर्डावर येते. दिव्याचं तसं नाही. कीबोर्डच्या पाठीला चिकटवलेलं एक पातळ शीट असतं. त्यात बारीक एलईडी असतात आणि त्यांचा उजेड शीटभर पसरून बटणांच्या अक्षरांतून वर येतो. या शीटची स्वतःची एक अरुंद रिबन केबल थेट मुख्य बोर्डावरच्या सॉकेटमध्ये बसते. म्हणून बटणं उत्तम आणि दिवा बंद, किंवा दिवा उत्तम आणि चार बटणं मेलेली, असे दोन्ही प्रकार दुरुस्तीला येतात. एक बिघडलं म्हणून दुसरं बिघडलंय असा अर्थ निघत नाही.

तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. बोर्ड बाहेर काढायचा तर ही अरुंद केबल सोडवावीच लागते. म्हणजे दुकानात ती सोडवली गेली आणि परत बसवली गेली, हे नक्की. दिवा बंद पडला तोही तेव्हापासूनच. माझा पहिला संशय तिथेच जातो. तरी स्क्रू काढायच्या आधी दहा मिनिटं पडद्यासमोर द्या. या मॅकमध्ये दिवा का लागत नाही याचा अर्धा उलगडा पडद्यावरच होतो, आणि त्याला काही खर्च नाही.

आधी F5 आणि F6 कडे बघू. तुमच्या मॉडेलवर F5 ने उजेड कमी होतो आणि F6 ने वाढतो, दोन्ही बटणांवर तशी चित्रंही आहेत. पण ‘काही होत नाही’ हे तुमचं वाक्य मला थोडं उकलून हवं आहे, कारण त्यात तीन-चार वेगळ्या गोष्टी लपलेल्या असू शकतात. F6 दाबल्यावर पडद्याच्या मध्यभागी काय दिसतं ते नीट बघा.

काहीच दिसत नसेल तर आधी आवाजाचं बटण, म्हणजे F11 किंवा F12, दाबून बघा. आवाजाचंही चित्र येत नसेल तर बिघाड दिव्याचा नाही, सेटिंगचा आहे. System Preferences मध्ये Keyboard उघडा. तिथे `Use F1, F2, etc. keys as standard function keys` या ओळीपुढे टिक असेल तर वरच्या ओळीतली बटणं साधी फंक्शन बटणं होतात. मग उजेडासाठी डावीकडचं fn धरून F6 दाबावं लागतं. ही टिक स्वतःहून पडत नाही, पण कोडिंग करणारे किंवा हिशेबाचं सॉफ्टवेअर वापरणारे ती मुद्दाम करून ठेवतात आणि विसरतात. सेकंडहँड मशीनमध्ये आधीच्या मालकाने केलेली असू शकते. बटणांची कामं बदलणारं एखादं ॲप टाकलेलं असेल तर तेही तात्पुरतं बंद करून बघा.

आवाजाचं चित्र येतं पण F5, F6 चं अजिबात येत नाही, अशी स्थिती असेल तर ती वेगळी खूण आहे. तिच्याकडे थोड्या वेळाने येतो, कारण तुमच्या मशीनमध्ये तीच निघेल असं मला वाटतं.

तिसरी शक्यता अशी की चित्र येतं, पण त्याखाली उजेडाच्या चौकटी भरण्याऐवजी कुलूप किंवा मनाईची खूण दिसते. पुष्कळ लोक हा बिघाड समजून मशीन घेऊन येतात. हा बिघाड नाही. पडद्याच्या वरच्या पट्टीत कॅमेऱ्याजवळ आजूबाजूचा उजेड मोजणारा एक सेन्सर असतो. भोवती भरपूर उजेड आहे असं त्याला वाटलं की मॅक कीबोर्डचा दिवा बंद ठेवतं आणि बटणंही अडवून धरतं, कारण लख्ख उजेडात तो दिवा दिसणारच नाही आणि बॅटरी मात्र खाईल. खिडकीकडे पाठ करून बसलात, किंवा डोक्यावरच्या ट्यूबलाइटचा झोत नेमका पडद्याच्या वरच्या कडेवर येत असेल, तर खोली एकंदरीत अंधारी असूनही हे घडतं. दुकानांत तर काउंटरवर नेहमीच झगझगीत उजेड असतो, त्यामुळे तिथे केलेली दिव्याची तपासणी मी धरतच नाही.

याची खात्री करायला रात्री खोलीतला दिवा मालवा, पडद्याचा उजेड कमी करा आणि F6 पाच-सहा वेळा दाबा. दिवसा करायचं असेल तर कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंची जागा अंगठ्याने पूर्ण झाका, दहा-पंधरा सेकंद थांबा आणि मग F6 दाबा. थांबायचं अशासाठी की मॅक उजेडातला बदल लगेच मानत नाही. सावली क्षणभर पडली म्हणून दिवा चालू-बंद होत राहू नये, म्हणून थोडा वेळ घेतं. झाकल्यावर कुलूप गेलं आणि दिवा लागला तर मशीन ठणठणीत आहे.

याच्याशी जोडलेलं सेटिंग Keyboard च्याच पानावर आहे: `Adjust keyboard brightness in low light`. टिक असेल तर मॅक सेन्सरच्या सांगण्याप्रमाणे दिवा स्वतः कमी-जास्त करतं. टिक काढली की उजेड तुमच्या हातात येतो. तपासणी करताना ती काढूनच ठेवा, म्हणजे एक शंका कमी होते. त्याच्याच खाली `Turn keyboard backlight off after` अशी ओळ आहे. तिथे सगळ्यात कमी वेळ, पाच सेकंद, निवडलेला असेल तर वाचत बसल्यावर दिवा विझतो आणि बटणाला हात लावला की परत लागतो. कुणी सांगतं, ‘दिवा लागतो पण टिकत नाही’, तेव्हा मी आधी ही ओळ बघतो.

सेन्सरबद्दल एक उलटी गोष्टही सांगतो. कॅमेऱ्यावर स्टिकर किंवा सरकतं झाकण लावलं तर सेन्सरही झाकला जाऊ शकतो. पण त्यामुळे दिवा बंद पडत नाही. सेन्सरला अंधार वाटतो, म्हणून कीबोर्डचा दिवा भर दुपारीही लागलेला राहतो आणि पडदा मात्र उगाच मंद होतो. तुमचा दिवा लागतच नाही, त्यामुळे स्टिकरला दोष देऊ नका. दुरुस्तीत झाकणाकडून येणारी कॅमेऱ्याची केबल सैल राहिली असेल तर मात्र सेन्सरही गप्प होऊ शकतो. ते ओळखणं सोपं आहे. Photo Booth उघडा. कॅमेऱ्याचं चित्र येत असेल तर ती बाजू ठीक आहे असं धरून पुढे चला.

आता ज्या खुणेसाठी थांबलो होतो ती. Keyboard च्या पानावर `Adjust keyboard brightness in low light` ही ओळ आहे की नाही, एवढंच बघा. टिक असो वा नसो, ओळ तिथे आहे का? दिव्याच्या केबलमध्ये एलईडींना वीज नेणाऱ्या तारांबरोबर एक ओळखीची तारही असते. केबल नीट बसली की ती तार बोर्डाला कळवते की दिवा जोडलेला आहे. ही खबर मिळाली नाही तर मॅकच्या दृष्टीने या मशीनला कीबोर्डचा दिवाच नाही. मग सेटिंगमधून ती ओळ गायब होते आणि F5, F6 दाबल्यावर चित्रही येत नाही. दिवा फक्त जळला असता, शीट मेलं असतं, तर ओळ साधारणपणे जागेवर राहिली असती. चौकटी भरल्या असत्या, फक्त उजेड आला नसता. हा फरक फार उपयोगाचा आहे. ओळ गायब असेल तर केबल सुटलेली आहे, अर्धवट बसली आहे किंवा तिची टोकं खराब झाली आहेत, असं मी बहुतेक वेळा धरून चालतो. ओळ आहे, चौकटी भरतात, पण अंधाऱ्या खोलीतही उजेड नाही, तर मग केबल, शीट आणि बोर्डावरचा पुरवठा अशा तिन्ही जागा तपासाव्या लागतात.

पडद्यासमोरचं शेवटचं काम म्हणजे एसएमसी रीसेट. कीबोर्डचा दिवा, पंखा, चार्जिंग ही कामं या जुन्या इंटेल मॅकमध्ये बोर्डावरचा एक छोटा नियंत्रक सांभाळतो. पाणी-चहाच्या प्रकारानंतर, किंवा बॅटरी काढून परत लावल्यावर, तो कधीकधी जुनी समजूत धरून बसतो. मशीन पूर्ण बंद करा. कीबोर्डच्या डाव्या बाजूची Shift, Control आणि Option ही तिन्ही बटणं धरून त्यांच्याबरोबर पॉवरचं बटण दाबा आणि चारही दहा सेकंद दाबून ठेवा. सोडा, मग नेहमीसारखं चालू करा. तुमची फाइल, फोटो, काहीही यात जात नाही. एकदा करा. एकदा करून फरक पडला नाही तर दहादा करूनही पडणार नाही.

इथवर येऊनही ओळ गायब असेल तर मशीन उघडायची वेळ आली. स्वतः उघडायचं की नाही हे तुमच्या हाताच्या सवयीवर आहे. कधी मोबाइलची बॅटरी बदलली असेल, बारीक स्क्रू हाताळले असतील, तर हे काम जमण्यासारखं आहे. पहिल्यांदाच करत असाल तर दुसऱ्या दुकानात न्या, पण खाली लिहिलंय ते समजून घेऊन न्या.

खालच्या झाकणाला दहा स्क्रू असतात, पाच पाकळ्यांचे. त्यांना पी५ पेंटालोब लागतो. साध्या चपट्या स्क्रूड्रायव्हरने प्रयत्न केला तर डोकं घासतं आणि मग ड्रिल करण्यापर्यंत जातं. बिजागरीकडच्या मधल्या दोन स्क्रूंची लांबी जास्त असते, बाकी आठ आखूड. काढताना कागदावर त्याच मांडणीत ठेवत जा. लांब स्क्रू आखूड भोकात जोराने बसवला तर वरचं कव्हर फुगतं.

झाकण निघालं की सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा. यात घाई करू नका. मॅक बंद असलं तरी बोर्डावर वीज असते, आणि एलईडींची माळ पेटवण्यासाठी बोर्ड पुरवठ्याचा दाब वाढवून पाठवतो. वीज असताना रिबन केबल तिरकी आत-बाहेर केली आणि शेजारचे दोन संपर्क एकमेकांना चिकटले, तर फक्त सैल केबल असलेल्या मशीनचं काम बोर्डाच्या दुरुस्तीवर जातं. प्लास्टिकच्या पट्टीने कनेक्टरच्या दोन्ही आखूड बाजू आळीपाळीने थोड्या थोड्या उचला. धातूचा चिमटा वापरू नका.

आता बोर्डावर केबली बघा. ट्रॅकपॅडची पट्टी रुंद आहे. दिव्याची तिच्यापेक्षा बरीच अरुंद. तिच्या सॉकेटला एक बारीक फ्लॅप असतो, तो वर उचलला की पकड सुटते आणि खाली दाबला की केबल घट्ट धरली जाते. उचलायचा तो फक्त फ्लॅप, सॉकेट नाही. नखाने किंवा प्लास्टिकच्या टोकाने हलकेच केलं की तो सहज उभा राहतो. जोर लावावा लागतोय असं वाटलं तर तुम्ही चुकीचा भाग धरला आहे. सॉकेट बोर्डावरून उपटलं गेलं तर ते परत बसवायला सूक्ष्मदर्शक आणि हॉट एअर लागतं.

फ्लॅप उचलण्याआधी मोबाइलने जवळून एक फोटो काढा आणि मोठा करून बघा. नीट बसलेल्या केबलची कड सॉकेटच्या तोंडाला समांतर असते. एका बाजूला सोनेरी संपर्क जास्त दिसतायत आणि दुसऱ्या बाजूला कमी, म्हणजे ती तिरकी गेली आहे. दोन्हीकडे सारखे पण जास्त दिसतायत, म्हणजे पुरेशी आत गेलेली नाही. फ्लॅप उघडाच राहिला असेल तर केबल जागेवर दिसते, पण आत पकड नसते. हेही मी पाहिलं आहे.

असंच एक एअर माझ्या टेबलावर आलं होतं, तुमच्यासारखंच चहानंतर साफ केलेलं. दुसरीकडे कीबोर्ड बदलायला सांगितलं होतं आणि मालकाचं वय शिकण्याचं, म्हणून तो विचारायला आला. टायपिंगची चाचणी घेतली, एकही बटण अडलं नाही. आवाजाचं चित्र येत होतं, F5, F6 चं येत नव्हतं. सेटिंगमध्ये ओळ नव्हती. Photo Booth मध्ये चेहरा दिसला. तेव्हाच माझं मत झालं होतं, पण उघडल्यावर केबल पहिल्या नजरेला बरोबर वाटली. फ्लॅप बंद, केबल आत. फोटो मोठा केल्यावर दिसलं की तिची डावी कड बाहेर राहिली होती, केसाएवढी. सोडवून बघितली तर टोकाच्या दोन संपर्कांवर चहाचा पिवळसर चिकट थर होता. साफ करताना बोर्ड धुतला होता, केबलचं टोक मात्र तसंच राहिलं होतं.

९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल मऊ कापडाला लावून टोक पुसलं, सॉकेटच्या आत मऊ ब्रशने एकदोनदा फिरवलं आणि पूर्ण वाळू दिलं. खोडरबराने घासायची एक पद्धत आहे. मी ती टाळतो, कारण या केबलींवरचा सोनेरी मुलामा पातळ असतो आणि रबराचे कण सॉकेटमध्ये जातात. मग केबल दोन बोटांनी दोन्ही कडांना धरून सरळ रेषेत आत सरकवली, थांबली तिथे थांबलो, आणि फ्लॅप दोन्ही टोकांना सारखा दाबला. बॅटरी जोडली. झाकण न लावताच मशीन सावधपणे सरळ धरून चालू केलं. सेटिंगमध्ये ओळ परत आली होती. खोलीतला दिवा मालवल्यावर कीबोर्ड उजळला.

पण उजेड सारखा नव्हता. उजव्या बाजूच्या दोन-तीन बटणांखाली डाग पडल्यासारखा अंधार होता. चहा शीटच्या थरांमध्ये शिरला की असं होतं. त्या जागी उजेड पसरवणारा थर चिकटून धुरकट होतो. तो आतून साफ करता येत नाही. शीट सोलायला गेलं तर थर सुटतात आणि उजेड कडांतून गळायला लागतो. मी मालकाला तो डाग दाखवला आणि निवड त्याच्यावर सोडली. त्याने आहे तसंच ठेवलं. तुमचा दिवा लागल्यावर असा डाग दिसला तर तो नव्या बिघाडाचा नाही, जुन्या चहाचा आहे. मात्र तो दर आठवड्याला वाढतोय असं दिसलं तर आत अजून ओल किंवा गंज आहे, मग दाखवून घ्या.

समजा केबल स्वच्छ आहे, सरळ आहे, पूर्ण आत आहे, आणि तरीही दिवा नाही. आता ओळ आली का ते बघा. ओळ आली, चौकटी भरतात आणि तरी अंधार, तर शीट किंवा बोर्डावरचा पुरवठा यांपैकी एक. इथे एक सावधगिरी. पुष्कळ जण शीटच्या टोकांना साधा मल्टीमीटर डायोड मोडवर लावतात, काही दिसत नाही, आणि शीट मेलं म्हणून सांगतात. पांढऱ्या एलईडीला एकट्यालाच सुमारे तीन व्होल्ट लागतात आणि इथे ते एकामागे एक जोडलेले असतात. साध्या मीटरचा डायोड मोड तेवढा दाब देतच नाही. त्यामुळे मीटरने गप्प राहणं हा शीट मेल्याचा पुरावा नाही. खात्रीची पद्धत म्हणजे चालू असलेलं दुसरं शीट त्या सॉकेटला लावून बघणं. ते उजळलं तर जुनं शीट गेलं. तेही नाही उजळलं तर बोर्डाची बाजू तपासायची.

शीट गेलं असेल तरी कीबोर्ड जातो असं नाही. या एअरमध्ये कीबोर्ड वरच्या कव्हरला रिव्हेट करून बसवलेला असतो, तो बदलायचा म्हणजे ते सगळे तोडून काढायचे आणि त्यांच्या जागी बारीक स्क्रू घट्ट करत बसायचं. हे काम वेळखाऊ आहे आणि नीट नाही झालं तर टाइप करताना मधला भाग दबतो. दिव्याचं शीट मात्र कीबोर्डच्या मागच्या बाजूला वरून चिकटवलेलं असतं. बॅटरी आणि बोर्ड बाजूला केले की रिव्हेटला हात न लावता ते काढता येतं आणि सुटं शीट बसवता येतं. चांगल्या कीबोर्डला उगाच उखडू नये, असं माझं ठाम मत आहे. दुकानदाराची बाजूही सांगायला हवी. कीबोर्ड आणि शीट जोडीने मिळतात, जुनं शीट काढताना चिरण्याची भीती असते, म्हणून काही जण सरसकट जोडीच बदलतात. तुमची काही बटणं चिकटत असतील, दोनदा उमटत असतील, तर तेव्हा जोडी बदलणं योग्यच ठरेल. म्हणून टायपिंग खरंच निर्दोष आहे का ते प्रत्येक बटण दहा-दहा वेळा दाबून आधी बघा. चहानंतर स्पेसबार आणि डावं शिफ्ट ही सगळ्यात उशिरा तक्रार करणारी बटणं असतात, कारण ती रुंद आहेत आणि साखर त्यांच्या कडांना जमते.

बोर्डाच्या बाजूचा दोष असेल तर मी थोडा थांबून विचार करतो. पुरवठा करणारा भाग लहान आहे आणि चहाचा गंज तिथे पोचला असेल तर तो दुरुस्त होतो. पण फक्त दिव्यासाठी बोर्ड परत परत गरम करायला मी उत्सुक नसतो. त्याच भागात गंज दिसत असेल तर साफ करणं भाग आहे, कारण तो पसरेल. गंज नसेल, बाकी सगळं चालत असेल, तर दिव्याशिवाय मशीन वर्षानुवर्षं चालतं.

हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्याकडे विंडोजचं मशीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. विचार हाच, जागा वेगळ्या. थिंकपॅडवर Fn आणि स्पेसबार एकत्र दाबतात. इतरांवर वरच्या ओळीतल्या ज्या बटणावर कीबोर्डच्या उजेडाचं चित्र आहे ते, कधी Fn धरून, कधी नुसतं. असं चित्र एकाही बटणावर नसेल तर त्या मशीनला बहुधा दिवाच नाही. एकाच मॉडेलच्या स्वस्त प्रकारात तो देत नाहीत. कंपन्यांतून निघालेल्या जुन्या डेल लॅटिट्यूडमध्ये बायोसमध्ये `Keyboard Illumination` नावाचं सेटिंग असतं. ते `Disabled` असेल तर विंडोजमधून काही केलं तरी दिवा लागत नाही. तिथेच दिवा किती वेळाने विझावा तेही ठरवता येतं, चार्जरवर वेगळं आणि बॅटरीवर वेगळं. दुरुस्तीनंतर बायोस मूळ सेटिंगवर गेला असेल तर हे आधी बघावं.

परत तुमच्याकडे. दुकानात जाणार असाल तर ‘दिवा लागत नाही’ असं सांगू नका. ‘सेटिंगमध्ये दिव्याची ओळच दिसत नाही, बॅकलाइटची केबल काढून टोक साफ करून परत बसवा, आणि बसवण्याआधीचा फोटो मला दाखवा’ असं सांगा. काम करणारा माणूस जाणकार असेल तर त्याला एवढ्यावरून कुठे बघायचं ते कळेल. साफसफाई त्याच दुकानाने केली होती, त्यामुळे केबल नीट बसवून देणं हे त्याच कामाचा भाग आहे, त्याचे वेगळे पैसे मागणं मला पटत नाही. तो कीबोर्डवरच अडून बसला तर दुसऱ्या शीटने करून बघितलं का, हा प्रश्न विचारा.

ओळ दिसते की नाही, F6 ला काय चित्र येतं आणि Photo Booth चालतं का, एवढं इथे कळवा. ओळ दिसत असेल तर पुढची तपासणी वेगळ्या वाटेने जाईल आणि ती मी तुमच्या उत्तराप्रमाणे लिहीन. तोवर मशीन पुन्हा उघडलंत तर बॅटरीचा कनेक्टर सुटल्याशिवाय त्या अरुंद केबलीला हात लावू नका.